लिफ्ट की एलिव्हेटर ते नंतर बघू, आधी तुझा फर्स्ट फ्लोअर बघ

वाचकाचं पत्र

ताई, मी मूळची उदगीरची. सध्या छत्रपती संभाजीनगरला, वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत एक्स्पोर्टच्या मेल आणि कागदपत्रांचं काम करते. आमचे एक कस्टमर अमेरिकेचे आणि एक इंग्लंडचे आहेत. पुढच्या महिन्यात अमेरिकेचे पाहुणे येणार म्हणून मी सूचनांचं एक पान केलं, त्यात लिफ्ट लिहिलं होतं. मॅनेजर सरांनी सगळीकडे एलिव्हेटर करायला लावलं, गोडाऊनचं वेअरहाऊस करायला लावलं. आमचे मामा झेडपीच्या शाळेत इंग्रजीचे सर होते, ते म्हणतात अमेरिकन म्हणजे बिघडलेलं इंग्रजी, आपलं ब्रिटिशच खरं. आता साधा मेल लिहितानापण हात थांबतो. एकदाच काय ते सांगा, कोणतं इंग्रजी धरू? पान सोबत जोडलंय.
– गोंधळलेली

उत्तर

ताई म्हणलीस म्हणून मी सरळ तूच म्हणते. आणि पान जोडलंस हे लई बरं केलंस, कारण पान बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की तुझे सर आणि तुझे मामा ज्या शब्दावरून भांडतायत तो शब्द या पानावरचा सगळ्यात निरुपद्रवी शब्द आहे. अमेरिकन माणसाला लिफ्ट म्हणलं तर कळतं, तो स्वतः म्हणत नसला तरी. इंग्लंडच्या माणसाला एलिव्हेटर म्हणलं तरी कळतं. कुणीही जिन्यापाशी डोकं खाजवत उभं राहणार नाही.

पण त्याच ओळीत तू लिहिलंयस की ट्रेनिंग हॉल फर्स्ट फ्लोअरला आहे. हे मात्र सरांच्या नजरेतून सुटलं. आपल्याकडं आणि इंग्लंडमध्ये खालचा तो ग्राउंड फ्लोअर आणि जिना चढून गेलं की फर्स्ट. अमेरिकेत साधारणपणे जमिनीलगतचा मजलाच फर्स्ट फ्लोअर असतो, आपला पहिला तो त्यांचा सेकंड. म्हणजे तुझे पाहुणे गेटमधून आत येणार, मनात म्हणणार आपण आहोतच की फर्स्ट फ्लोअरवर, आणि खालीच रिसेप्शनच्या आसपास हॉल शोधत फिरणार, आणि तुम्ही सगळे वर चहा-बिस्किटं मांडून वाट बघणार. त्या ओळीत लिफ्टचं एलिव्हेटर करून काय फायदा झाला सांग बरं? ओळ दिसायला अमेरिकन झाली पण माणूस पोचतोय चुकीच्या मजल्यावर. तिथं तू असं लिही की हॉल रिसेप्शनच्या एक मजला वर आहे, लिफ्टमध्ये १ नंबरचं बटन दाबा. हे अमेरिकेच्या माणसालाही कळतं, इंग्लंडच्यालाही, आणि आपल्या सिक्युरिटीवाल्या काकांनापण.

तर माझं म्हणणं असं, की फरक असलेल्या शब्दांचे आधी दोन ढीग करायचे. एका ढिगात एकाच वस्तूची दोन नावं येतात, लिफ्ट-एलिव्हेटर, पेट्रोल-गॅसोलिन, स्पॅनर-रेंच, कार पार्क-पार्किंग लॉट. यात चूक झाली तर फार तर समोरचा म्हणेल की हे लोक इंग्लंडसारखं लिहितात, बस. दुसऱ्या ढिगात शब्द एकच असतो पण इकडं त्याचा अर्थ वेगळा आणि तिकडं वेगळा. खरा घोळ इथं होतो, कारण वाचणाऱ्याला आपलं काही चुकतंय अशी शंकाच येत नाही, दोघंही खुशाल आपापला अर्थ घेऊन पुढं जातात. लोक पहिल्या ढिगासाठी याद्या पाठ करत बसतात आणि दुसऱ्याकडं कुणी बघत नाही.

तुझ्याच पानावर दुसऱ्या ढिगातला अजून एक आहे. तळघरातलं स्टोअर बघायला जाताना टॉर्च सोबत ठेवा असं लिहिलंयस. अमेरिकेत टॉर्च म्हणलं की आधी मशाल नाहीतर वेल्डरचा जाळ डोळ्यापुढं येतो, हातातल्या बॅटरीला ते फ्लॅशलाइट म्हणतात. संदर्भावरून कळेल त्यांना, पण सेफ्टीच्या सूचनेत अंदाजाला जागा कशाला ठेवायची. तसंच तुमच्या पार्टच्या यादीत सायलेन्सर दिसला. टू-व्हीलरचा सायलेन्सर वाळूजमध्ये पोराटोरांना ठाऊक आहे, इंग्लंडमध्येही तोच शब्द चालतो, पण अमेरिकेत गाडीच्या त्या भागाला मफलर म्हणतात आणि सायलेन्सर म्हणलं की त्यांना आधी बंदुकीच्या नळीला लावायचा आठवतो. आपल्याकडं मफलर थंडीत गळ्याला गुंडाळतात, ते सोड. हा शब्द बदलायचाच, अमेरिकेला जाणाऱ्या कागदावर तर नक्कीच.

मीटिंगच्या मिनिट्स तूच लिहीत असशील तर टेबल या शब्दाला फार जप. इंग्लंडमध्ये एखादा विषय टेबल करणं म्हणजे तो चर्चेला मांडणं. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे तो बाजूला ठेवणं, आत्ता नको म्हणणं. अगदी उलट! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी एकत्र बसले तेव्हा याच शब्दावरून लांबलचक वादावादी झाली होती, विषय महत्त्वाचा आहे आणि तो घ्यायलाच हवा यावर दोन्ही बाजूंचं एकमत असताना, हे चर्चिलनं स्वतः युद्धाच्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. तर मिनिट्समध्ये हा शब्दच नको. चर्चेला घेतला म्हण, नाहीतर पुढच्या मीटिंगला ढकलला म्हण, जे झालं ते सरळ लिही.

आता आकड्यांकडं ये, कारण तुझं काम एक्स्पोर्टचं आहे आणि शब्दांपेक्षा पैसा इथं जास्त अडकतो. अमेरिकन कस्टमरच्या पीओवर माल पाठवायची तारीख 07/08 अशी आली समज. आपण आणि इंग्लंडवाले आधी दिवस आणि मग महिना वाचतो, म्हणजे ७ ऑगस्ट. अमेरिकेत महिना आधी, म्हणजे ८ जुलै. तू प्लॅनिंगला ७ ऑगस्ट कळवलंस, शॉपवाल्यांनी निवांत माल काढला, आणि तिकडं कस्टमर ८ जुलैपासून फोन करतोय की कंटेनर कुठाय. हा घोळ ओळखता का येत नाही तेपण बघ. 25/08 लिहिलं असतं तर पंचविसावा महिना नसतो म्हणून कुणीही सावध झालं असतं. पण महिन्याच्या पहिल्या १२ तारखांना दोन्ही वाचन बरोबर दिसतं. त्यातले 05/05 सारखे दोन्हीकडून सारखेच असणारे १२ दिवस सोडले तरी वर्षात १३२ तारखा अशा उरतात ज्यांचे दोन अर्थ निघतात. म्हणून महिना आकड्यात लिहायचाच नाही, अक्षरात लिहायचा, 8 July. फाइलच्या नावाला किंवा एक्सेलला आकडेच पाहिजेत तर वर्ष, महिना, दिवस या क्रमानं, 2025-07-08 असं, आंतरराष्ट्रीय पद्धत हीच आहे आणि त्यात दुसरा अर्थ निघत नाही. आणि समोरून आलेली तारीख संशयास्पद वाटली तर लाजायचं नाही, उलट मेल टाकून महिना अक्षरात लिहून कन्फर्म करून घ्यायचा.

वजनाचंही तसंच. टन म्हणलं की आपल्या डोक्यात १००० किलो. अमेरिकेत नुसतं टन म्हणलं तर २००० पौंडांचा, म्हणजे साधारण ९०७ किलोचा. इंग्लंडचा जुना टन २२४० पौंडांचा, जवळपास १०१६ किलो. २० टन कास्टिंगच्या ऑर्डरमध्ये आपला आणि अमेरिकेचा टन यात साडेअठराशे किलोच्या वर फरक पडतो, हे काही राउंडिंगचं प्रकरण नाही. गॅलनही दोन आहेत, अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा आणि इंग्लंडचा ४.५४६ लिटरचा, म्हणजे कूलंटचं प्रमाण कुणी गॅलनमध्ये कळवलं तर आधी विचार कुणाचा गॅलन. तुझ्याकडून जाणाऱ्या कागदावर किलो आणि लिटर लिही आणि मोकळी हो. आणि हो, रकमा लिहिताना 1,50,000 असा आपला लाखाचा स्वल्पविराम बाहेर पाठवू नको, 150,000 असं लिही.

आता मामा. त्यांचा मान राखूनच सांगते, पण अमेरिकन म्हणजे बिघडलेलं हे काही टिकत नाही. शरद ऋतूला अमेरिकेत फॉल म्हणतात, तो शब्द इंग्लंडमधूनच तिकडं गेला, मागं इंग्लंडनं तो टाकून दिला आणि ऑटम ठेवला. सॉकर या शब्दाला इंग्रज नाकं मुरडतात, पण तो जन्मला इंग्लंडमध्येच, असोसिएशन फुटबॉलमधल्या असोसिएशनचं विद्यार्थ्यांनी केलेलं ते लाडकं रूप. तुमच्या धंद्यातलाच दाखला घे. अ‍ॅल्युमिनियमचं अमेरिकन स्पेलिंग aluminum हे कुण्या अमेरिकन माणसाचं अज्ञान नाही, हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानं १८१२ मध्ये हेच रूप वापरलं होतं, मग इंग्लंडमध्येच इतरांना ते लॅटिनसारखं भारदस्त वाटेना म्हणून aluminium आलं. म्हणजे जुनं तेच खरं असा मामांचा हिशोब धरला तर अमेरिकेचं पारडं कितीतरी ठिकाणी जड होतं! आणि एलिव्हेटर हा तर आपल्याच भागात रोज बोलला जातो की. लातूरच्या कुठल्याही डाळ मिलमध्ये जा, तूर वर चढवणाऱ्या बादल्यांच्या पट्ट्याला हमालसुद्धा एलिव्हेटरच म्हणतो. इंग्लंडमध्येही त्या यंत्राला बकेट एलिव्हेटरच म्हणतात. तिथं तुरीला एलिव्हेटर आणि माणसाला लिफ्ट, कुणाचा काही बिघाड झाला नाही.

मामांना अजून एक विचार, तेपण जरा हळू. आपण ज्याला ब्रिटिश म्हणून मिरवतो त्यातलं बरंच काही आता ब्रिटनमध्ये कुणाला कळत नाही. स्टेपनी घे. वेल्समधल्या लानेली गावात १९०४ च्या सुमारास स्टेपनी नावाचं जादा चाक निघालं, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरून ते नाव. ते तिकडं कधीच विसरले, आपल्याकडं मात्र अजून प्रत्येक पंक्चरवाला स्टेपनी काढा म्हणतो. गाडीची डिकी इंग्लंडला बूट आणि अमेरिकेला ट्रंक. मीटिंग प्रीपोन करणं, आउट ऑफ स्टेशन असणं, डू द नीडफुल, हे सगळं आपलं भारतीय इंग्रजी आहे, आणि आपल्या आपल्यात ते झकास चालतं, त्याची लाज वाटायचं काहीच कारण नाही. मोंढ्यातल्या अडत्याला वेअरहाऊस म्हणलं तर तो उगं तोंडाकडं बघत राहील, तिथं गोडाऊनच. पण परदेशी कस्टमरला गोडाऊन लिहिलं तर अमेरिकनही अडखळतो आणि इंग्रजही. म्हणून त्या एका दुरुस्तीत तुझे सर बरोबर होते, फक्त कारण वेगळं आहे. तो शब्द अमेरिकन करायचा म्हणून नाही, दोघांनाही कळावा म्हणून बदलायचा. तू मला दोनमधलं एक विचारलंस, पण तुझ्या टेबलावर खरं तर तीन इंग्रजी आहेत आणि परदेशात अडतं ते बहुतेक वेळा तिसरं, आपलं.

मग धरायचं कोणतं? कागद ज्याच्या हातात पडणार त्याचं. अमेरिकेच्या कस्टमरला अमेरिकन, इंग्लंडच्याला ब्रिटिश, ऑफिसात आपलं नेहमीचं. दोघांना एकच मॅन्युअल जाणार असेल तर जिथं जमेल तिथं दोन्हीकडं चालणारा शब्द शोध. फोर्टनाइट अमेरिकेत फारसा कुणी वापरत नाही, तर दर दोन आठवड्यांनी असं लिही. हॉलिडे की व्हेकेशन यात पडण्यापेक्षा ऑफिस या तारखेपासून या तारखेपर्यंत बंद राहील असं लिही. असा शब्द सापडलाच नाही तर कंपनीनं एक पद्धत ठरवावी आणि ती शेवटपर्यंत पाळावी. एका पानावर colour आणि त्याच्या खाली color, हे कुठल्याच देशात बरोबर नसतं.

यात एक अपवाद आहे आणि तो तुझ्या कामात सगळ्यात महत्त्वाचा. कस्टमरच्या पीओवर, ड्रॉइंगवर किंवा बँकेच्या एलसीवर, म्हणजे कागद जुळले की पैसे देऊ या बँकेच्या हमीपत्रावर, मालाचं वर्णन जसं आहे तसंच इन्व्हॉइसवर उतरवायचं, अक्षरन् अक्षर. तिथं आपली पद्धत, मामांची पद्धत, काही चालवायची नाही. एलसीच्या व्यवहाराला सहसा यूसीपी ६०० हे आंतरराष्ट्रीय नियम लागतात आणि त्यात स्पष्ट आहे की इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. एलसीत aluminum असेल आणि तू शाळेतलं आठवून aluminium केलंस तर फक्त तेवढ्यावर पैसे अडतीलच असं नाही, अर्थ न बदलणारं स्पेलिंग बँका सहसा ताणत नाहीत. पण मफलरचं सायलेन्सर केलंस तर तो शब्दच वेगळा झाला, आणि बँकेत कागद तपासणारा माणूस इंजिनियर नसतो, तो दोन कागद शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावत जातो. नाही जुळलं की डिस्क्रिपन्सी, मग त्याचे चार्जेस आणि थांबलेलं पेमेंट. सांगायला कोण जाणार त्याला की दोन्ही एकच आहेत. म्हणून टाइप न करता सरळ कॉपी-पेस्ट.

आता तुझ्या पानातली सगळ्यात गमतीची गोष्ट. शॉपमध्ये फिरताना पिवळ्या पट्ट्यांच्या आत चाला, फोर्कएलिव्हेटर येत असतो, असं छापलंय. तू `Replace All` मारलंस ना? वर्डला काय माहीत फोर्कलिफ्ट म्हणजे काय, त्याला lift दिसलं की त्यानं बदललं. झाकण उचला यातलं लिफ्टही त्यानं एलिव्हेटर करून टाकलंय. `Find whole words only` वर टिक केलीस तर फोर्कलिफ्ट वाचेल, पण उचला या अर्थाचं लिफ्ट नाही वाचणार, कारण तो सुटा शब्दच आहे. तिथं `Find Next` करत एकेक बघूनच बदलावं लागतं. हाच प्रकार flat चं apartment करताना होतो, ड्रॉइंगमधल्या flatness ची पार वाट लागते.

स्पेलिंगसाठी वर्डमध्ये `Review` मध्ये `Language` आणि मग `Set Proofing Language` असं जा. सगळं पान सिलेक्ट करून अमेरिकेच्या कागदाला युनायटेड स्टेट्सचं इंग्रजी निवड, इंग्लंडच्या कागदाला युनायटेड किंगडमचं. हे न करता लोक लाल रेघ दिसली की जमेल तितकी स्पेलिंगं बदलतात आणि अर्धं पान इकडचं, अर्धं तिकडचं होतं. पण एवढं ध्यानात ठेव की हे फक्त स्पेलिंग पकडतं. फर्स्ट फ्लोअर, टेबल, 07/08, यातल्या एकालाही लाल रेघ येणार नाही, ते तुलाच बघायचंय. त्यासाठी एक्सेलमध्ये छोटी यादी कर, आपला शब्द, इंग्लंडचा, अमेरिकेचा, आणि चौथ्या रकान्यात अर्थ बदलतो का, हो किंवा नाही. आधी फक्त हो वाले भरत जा, रोजच्या मेलमधून सापडतील तसे. सरांना हीच यादी दाखव, म्हणजे पुढच्या वेळी चर्चा लिफ्टवर अडणार नाही.

इंग्लंडच्या कस्टमरबद्दल एक राहिलं. त्यांनी सँपल बघून क्वाइट गुड लिहिलं तर लगेच पेढे वाटू नको. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ पुष्कळदा बरंय, चालेल, इतकाच असतो. अमेरिकेच्या माणसानं तेच लिहिलं तर तो खरंच खूश आहे. इंग्लंडवाल्याला उलट विचार की फिनिशमध्ये नेमकं काय सुधारू, बहुतेक वेळा दोन मुद्दे मिळतील.

आणि ज्यांच्या घरी शाळा-कॉलेजातली पोरं आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात ब्रिटिश स्पेलिंग आहेत, तर बोर्डाच्या पेपरात तीच लिहावीत, इथं मामांचं ऐका. आयईएलटीएसला दोन्ही स्पेलिंग चालतात, फक्त पूर्ण पेपरभर एकच धरा. आणि जी पोरं कोडिंग शिकतायत त्यांना हा प्रश्नच नाही, वेबपेजच्या कोडमध्ये `color` आणि `center` असंच लागतं. तिथं `colour` लिहिलं तर ब्राउझर एरर न देता ती ओळ गुपचूप सोडून देतो, आणि पोरगं रात्रभर शोधत बसतं की रंग का येईना.